दहा वर्षांच्या मुलाचा पहिला चहा: गोष्ट कशी उभी करावी

"मुलांच्या दिवाळी अंकासाठी छोटी गोष्ट लिहायची आहे. दहा वर्षांचा मुलगा दमून आलेल्या वडिलांसाठी पहिल्यांदाच चहा करतो, एवढाच विषय. दोनदा लिहून पाहिली. दोन्ही वेळा मुलगा साखरेऐवजी मीठ घालतो, वडील हसत हसत पितात, त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि गोष्ट संपते. वाचणारे 'गोड आहे' म्हणतात, पण कुणाच्या लक्षात राहत नाही. काय चुकतंय? थोडं लिहून दाखवाल का?"

आधी मीठ काढून टाका. दहा वर्षांचा मुलगा मीठ आणि साखर यांत गल्लत करत नाही. वाण्याकडून दोन्ही पुडे तोच आणतो, आई स्वयंपाक करताना डबे तोच काढून देतो. ही चूक त्याची नाही, तुमची गोष्ट पुढे सरकावी म्हणून तुम्ही त्याच्या हातून करवून घेतली आहे, आणि वाचकाला ते कळतं. शिवाय या चुकीतून पुढे वाट निघत नाही. खारट चहाच्या बाबतीत दोनच गोष्टी होऊ शकतात: तो ओतून द्यायचा, नाहीतर छान झालाय असं खोटं सांगून प्यायचा. म्हणून तुमच्या वडिलांना खोटं बोलावं लागतं, आणि ते खोटं झाकायला डोळ्यांत पाणी आणावं लागतं.

चूक हवीच, पण ती त्या वयाची आणि त्या घरातली हवी. या वयाच्या मुलाने चहा होताना शेकडो वेळा पाहिलेला असतो. पाणी, पूड, साखर, दूध, उतू जायला लागलं की जाळ कमी, मग गाळणी, हे त्याला पाठ असतं. पण चहा करणाऱ्याचा हात काही कामं न बोलता, न दाखवता करत असतो. एका कपाला पाणी जरा जास्त घ्यायचं, कारण थोडं वाफेत जातं आणि थोडं पूड पिऊन टाकते. जाळ कधी मोठा, कधी बारीक. कुठली वस्तू गॅस चालू असताना घालायची आणि कुठली बंद केल्यावर. नुसतं बघून हे कळत नाही. तुमची गोष्ट तिथे शोधा.

मी यातली शेवटची गोष्ट निवडेन, आणि चहा गुळाचा करेन. गूळ उकळत्या दुधाच्या चहात पडला तर चहा फाटू शकतो. गुळात थोडा आंबटपणा असतो आणि क्षारही असतात. त्यांनी तापलेल्या दुधातली प्रथिनं एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या होतात. दूध आदल्या दिवशीचं असेल तर आणखी लवकर. म्हणून गुळाचा चहा करणारी बाई आधी गॅस बंद करते, उकळी खाली बसू देते, मग गूळ घालून ढवळते. बघणाऱ्या मुलाला गूळ पडताना दिसतो. त्याआधी बटणाकडे गेलेला हात दिसत नाही. दर वेळी फाटतोच असंही नाही, त्यामुळे मोठी माणसंसुद्धा यात कधीमधी फसतात. म्हणून ही चूक मुलाला वेडगळ ठरवत नाही.

गूळ म्हटल्यावर कोल्हापूरचा भाग आपोआप डोळ्यांपुढे येतो. वडील कशाने दमलेत हे ठरवताना मी इचलकरंजीतला यंत्रमाग कामगार घेईन. 'दमलेले बाबा' एवढ्याने काही दिसत नाही. दमणूक कामागणिक वेगळी असते, वेगवेगळ्या जागी दिसते. शेतात राबलेल्याची कंबर जाते, ड्रायव्हरचे डोळे. रात्रभर मागांच्या मधून फिरणाऱ्याचे पाय सुजतात, केसांवर कापसाची लव बसते, आणि त्या खडखडाटाने कान इतके भरून येतात की बाहेर आल्यावरही तो मोठ्याने बोलतो आणि हळू बोललेलं त्याला ऐकू जात नाही. हे शेवटचं आपल्या फार उपयोगाचं आहे, कसं ते पुढे दिसेल.

आता लिहून दाखवतो.

सव्वाआठला पप्पा रात्रपाळी करून आले. एक चप्पल काढली, दुसरी पायातच राहिली, आणि ते दाराजवळ भिंतीला टेकून बसले. केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी लव होती.

"आई कुठं गेली?" पप्पांनी विचारलं. समोर बसलेल्या माणसाला विचारायला एवढा आवाज लागत नाही, पण रात्रपाळीनंतर त्यांचा आवाज असाच असायचा.

"कांड्या भरायला. भाकरी झाकून ठेवलीया."

"हं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

ओंकारनं दप्तरात वह्या भरल्या. कंपास भरली. पप्पा आल्या आल्या चहा मागायचे. आज मागितला नाही. घरात तो एकटाच होता, मागणार कुणाकडं?

तो आत गेला. पप्पांचा कप त्याला माहीत होता, कान तुटलेला. त्या कपानं अर्धा कप पाणी मोजून त्यानं पातेल्यात ओतलं. दुधाच्या भांड्यात कालचं दूध होतं, बरोबर अर्ध्या कपाचं. अर्धा आणि अर्धा एक. हिशेब जुळला म्हणून त्याला बरं वाटलं.

सिलिंडरचं बटण आईनं जाताना बंद केलं होतं, ते त्यानं फिरवलं. मग शेगडीचं फिरवून लायटर दाबला. टक. टक. पेटलं नाही. त्यानं शेगडी बंद केली, खिडकी पुरती उघडली आणि वास जायची वाट बघत उभा राहिला. वास गेला तसं त्यानं पुन्हा बटण फिरवून लायटर दाबला. जाळ भप्पकन लागला आणि त्यानं हात मागं घेतला.

पाण्याला बुडबुडे आल्यावर चहापूड घातली. एक चमचा, सपाट. साखरेचा डबा फळीवर होता, त्यासाठी पाट घ्यावा लागला. डबा हलका लागला. आत चमचा खरवडला तर कोपऱ्यात चार दाणे.

तो दाराशी आला. "पप्पा, साखर संपलीया. गूळ घालू?"

पप्पांचे डोळे मिटलेलेच होते.

"पप्पा, गूळ घालू का?"

"हं."

हे गुळासाठी होतं की नुसतंच होतं, ते त्याला कळलं नाही. पण आई गुळाचा चहा करते तेव्हा खडा फोडून थेट पातेल्यात टाकते, हे त्यानं पाहिलेलं होतं. त्यानं सुपारीएवढा खडा फोडला. दूध ओतलं. चहा वर यायला लागला तसा जाळ बारीक केला, आणि आता सगळं झालंय असं वाटून खडा आत सोडला.

आधी काहीच झालं नाही. मग कडेला बारीक पांढऱ्या कण्या दिसल्या. साय असेल म्हणून त्यानं ढवळलं. कण्या वाढल्या. त्यानं आणखी जोरात ढवळलं. आता मधे स्वच्छ तपकिरी पाणी होतं, आणि त्यात दुधाचे तुकडे फिरत होते.

त्यानं गॅस बंद केला. पातेलं पकडीनं उचलून चहा गाळला. गाळणीत पुडीबरोबर पांढरा चोथा राहिला. कप पाऊणच भरला होता. अर्धा आणि अर्धा एक झाले नव्हते.

ते घेऊन जावं की मोरीत ओतावं, हे ठरवायला त्याला वेळ लागला. मग तो कप घेऊन गेला, कारण दूध आता घरात नव्हतंच.

"पप्पा, च्या."

पप्पांनी डोळे उघडले. कपाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"कुणी केला?"

"मी."

"तू?" त्यांनी कप हातात घेतला, तिरका करून उजेडात धरला. रात्री कापडात कुठं चूक पडलीया ते बघायला धरतात तसा. "गूळ कवा घातलास?"

"दूध उकळाय लागलं तवा."

"गॅस चालू हुता?"

"व्हय."

"मग फाटणारच की. बंद करायचा आधी. आई बंद करती."

ओंकारनं आठवून बघितलं. गूळ पातेल्यात पडताना त्याला दिसत होता. आईचा दुसरा हात कुठं होता, ते काही केल्या आठवेना.

"आता दूध न्हाई," तो म्हणाला.

"मग कोरा कर. कोऱ्यात फाटायला काय न्हाई."

पप्पांनी दुसरी चप्पल काढली, उठले, आणि आत येऊन ओट्याला टेकून उभे राहिले. हात कशालाच लावला नाही. ओंकारनं या वेळी कपानं दीड कप पाणी मोजलं. पप्पा काही बोलले नाहीत. पूड घातली, उकळू दिलं. रंग आल्यावर त्यानं विचारलं, "आता बंद करू?" पप्पांना ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. बटण फिरवलं, जाळ गेलेला बघितला, मग गूळ टाकला.

या वेळी कप काठोकाठ भरला. पप्पांनी थोडा बशीत ओतला आणि बशी त्याच्याकडं सरकवली.

"मला? च्या पिऊन काळा हुतोय म्हणती आई."

"चव तर बघ. न्हाईतर उद्या कसा करशील?"

ओंकारनं फुंकर मारली, एक घोट घेतला, तोंडात फिरवला.

"पूड जास्त पडली," तो म्हणाला.

गोष्ट इथेच संपते. यातल्या काही निवडींबद्दल सांगतो, कारण तुमची गोष्ट लिहिताना त्याच तुमच्या पुढे येतील.

वडिलांचा "हं" दोनदा आहे. पहिल्यांदा वाचकाला वाटतं, ते फक्त दमलेत. दुसऱ्यांदा त्या "हं"मुळे मुलाला स्वतःच ठरवावं लागतं. भरलेले कान, अर्धवट झोप, सगळं या एका उच्चारात बसतं. तुमच्या खर्ड्यात वडील दमलेले आहेत हे तुम्ही सांगितलंय, पण त्या दमण्याने पुढे काहीच घडत नाही. ते ताजेतवाने असते तरी गोष्ट तशीच झाली असती. इथे वडिलांना ऐकू गेलं असतं तर त्यांनी गॅस बंद करायला सांगितलं असतं आणि चहा फाटला नसता. दमणूक गोष्टीच्या कारणात शिरली पाहिजे, नुसत्या वर्णनात राहून चालत नाही. शेवटी मुलगा पुन्हा एक प्रश्न विचारतो, पुन्हा वडिलांना ऐकू जात नाही, आणि या वेळी तो थांबत नाही. मुलात काय बदललं ते मी तिथे ठेवलं आहे. "त्याला मोठं झाल्यासारखं वाटलं" असं एक वाक्य तिथे लिहायचा मोह होईल. लिहू नका.

दुसरी निवड वडिलांच्या पहिल्या प्रश्नाची. फाटलेला चहा हातात आल्यावर वडील काय करतात, यावर सगळी गोष्ट तोललेली आहे. ते रागावले तर गोष्ट दुसरीकडे जाते. "छान झालाय" म्हणाले तर मुलाला खोटं कळतं, कारण गाळणीतला चोथा त्याने स्वतः पाहिलाय. ते विचारतात, "गूळ कवा घातलास?" हा एका कामगाराने दुसऱ्या काम करणाऱ्याला विचारलेला प्रश्न आहे. माया त्यातच आहे, आणि ती शब्दात कुणी बोलत नाही. आपल्याकडे त्या पिढीतले बरेचसे बाप असेच बोलतात. मुलाला जवळ घेऊन "शाब्बास बाळा" म्हणणारा बाप इथे परका वाटला असता. उजेडात कप धरण्याची कृतीही त्यांच्या कामातूनच आली आहे.

मुलाने आजवर चहा प्यायलेला नाही, हा तपशील सहज हाती येण्यासारखा आहे, पण बहुतेक लेखक तो सोडून देतात. लहान मुलांना घरी चहा देत नाहीत, काळा होशील म्हणतात. म्हणजे हा मुलगा अशी गोष्ट करतोय जिची चव त्याला माहीत नाही. गोड झाला की अगोड, तो तपासू शकत नाही. डोळ्यांनी दिसेल तेवढ्यावर त्याला चालावं लागतं, आणि चहा फाटणं डोळ्यांना दिसतं. तुम्ही घातलेलं मीठ मात्र चव घेतल्याशिवाय कळणारं नाही, म्हणजे चूक वडिलांच्या जिभेवर घडते आणि मुलगा बाहेर राहतो. चूक मुलासमोर, त्याच्या हाताखाली घडू द्या. कडेला कण्या येणं, त्याने साय समजून ढवळणं, ढवळल्यावर वाढणं, या तीन वाक्यांना मी मुद्दाम जागा दिली. तिथे घाई केली तर पुढचा प्रश्न पोकळ वाजतो.

आईबद्दल थोडक्यात. या विषयावरच्या बऱ्याच गोष्टींत आई वारलेली किंवा दवाखान्यात असते. तसं केलंत की वाचक चहा विसरतो आणि आईच्या काळजीत पडतो. ती कामाला गेली आहे, दुपारी येईल. कांड्या भरणं, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळणं, हे मागाच्या गावातलं बायकांचं नेहमीचं काम आहे, त्यामुळे तिची अनुपस्थिती समजावून सांगावी लागत नाही.

इचलकरंजी निवडलीत तर तिथली माहिती जमवा, पण सगळी ओतू नका. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली तिथे पहिला यंत्रमाग बसवला, हे तुम्हाला ठाऊक असलेलं चांगलं. ओंकारला त्या सकाळी त्याचं काही देणंघेणं नाही. गोष्टीत मी गावाचं नावसुद्धा घेतलेलं नाही. रात्रपाळी, कांड्या, कापसाची लव आणि बोली एवढ्यावर गाव उभं राहतं. बोलीही संवादापुरतीच ठेवा. निवेदन पूर्ण बोलीत नेलंत तर बाहेरच्या जिल्ह्यातली दहा वर्षांची मुलं अडखळतील. तुम्ही विदर्भातले किंवा कोकणातले असाल तर उसनी कोल्हापुरी लिहू नका. वडील तुमच्या भागातले घ्या आणि चूकही तिथलीच शोधा. ओलं आलं किसून उकळी न आलेल्या दुधात टाकलं तरी दूध तापताना फाटू शकतं, कारण आल्यातला एक घटक दुधातली प्रथिनं तोडतो. तेच आलं आधी पाण्यात चांगलं उकळलं की तो निकामी होतो. ज्या घरात आल्याचाच चहा होतो, तिथे ही चूक गुळाइतकीच चालेल. फक्त मग शेवट बदलावा लागेल, कारण कोऱ्या चहाची वाट गुळामुळे सुचली आहे.

राहिला गॅसचा प्रश्न. मुलांच्या अंकाचे संपादक तो नक्की विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवा. "मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा" अशी तळटीप टाकून तो सुटत नाही, कारण मूल गोष्ट वाचतं, तळटीप वाचत नाही. म्हणून लायटर दोनदा दाबून पेटला नाही तेव्हा ओंकार शेगडी बंद करतो, खिडकी पुरती उघडतो, वास जाईपर्यंत थांबतो आणि मगच पुन्हा लायटर दाबतो. पातेलं पकडीनं उचलतो. लहान हाताला गरम पातेलं एका हाताने तिरकं करून गाळणं अवघड जातं, म्हणून तुम्हाला हवं असेल तर त्याला कप मोरीत ठेवून, दोन्ही हातांनी पकड धरून ओतायला लावा. सांडलं तर खाली मोरीतच जाईल. संपादकांनी यातलं काही कापायचं म्हटलं तर कापसाची लव कापू द्या, खिडकी राहू द्या.